अडवलेल्या फोटोंचा ढीग उघडून पाहिल्यावर: डेटिंग अ‍ॅपच्या फोटो तपासणीचं एक प्रकरण

डेटिंग अ‍ॅपवर फोटो अडवला जाणं इतर ठिकाणांपेक्षा जास्त बोचतं. तो माणसाचा स्वतःचा फोटो असतो, बराच विचार करून निवडलेला, आणि त्यावर ‘अश्लील मजकूर’ असा शिक्का बसतो. उलट एखादा नग्न फोटो तपासणीतून सुटला, तर तो न मागता कुणाच्या तरी डोळ्यांसमोर येतो. दोन्ही चुका माणसांनाच सोसाव्या लागतात, म्हणून दोन्ही मोजायला हव्यात. बहुतेक ठिकाणी एकच मोजली जाते. सुटलेल्या फोटोची तक्रार येते, पण चुकून अडवलेला माणूस न बोलता अ‍ॅप काढून टाकतो.

पुढचं प्रकरण या कामात वारंवार दिसणाऱ्या परिस्थितीवरून नमुन्यादाखल बांधलं आहे. त्यातले आकडे हिशेब समजावा म्हणून गोल धरले आहेत. चुकांची कारणं आणि त्या शोधायच्या रीती मात्र खऱ्या कामातल्याच आहेत.

सुरुवातीची मांडणी

अ‍ॅपवर रोज साधारण 1,00,000 फोटो चढतात. प्रत्येक फोटो बाहेरून घेतलेल्या एका मॉडेलकडे जातो आणि ते 0 ते 1 मधला एकच स्कोअर देतं: फोटो किती ‘असुरक्षित’ आहे. नग्नता आणि हिंसा दोन्ही त्याच आकड्यात. स्कोअर 0.6 या मर्यादेच्या, म्हणजे थ्रेशोल्डच्या, वर गेला की फोटो थेट बाद. मॉडेल देणाऱ्यांच्या माहितीपत्रकाप्रमाणे ते 96 टक्के वाईट फोटो पकडतं आणि चांगल्यांपैकी फक्त 3 टक्के चुकून अडवतं.

‘फक्त 3 टक्के’ ऐकायला किरकोळ वाटतं. पण डेटिंग अ‍ॅपवर येणारे बहुसंख्य फोटो चांगलेच असतात. लाखात 500 फोटो खरोखर नियमाबाहेरचे आहेत असं धरू. त्यांतले 96 टक्के म्हणजे 480 पकडले गेले. उरलेल्या 99,500 चांगल्या फोटोंचे 3 टक्के म्हणजे 2,985. म्हणजे अडवलेल्या दर सात फोटोंपैकी सहा निर्दोष. मॉडेलने माहितीपत्रकातला शब्द तंतोतंत पाळला तरी हेच होणार, कारण शोधायची गोष्टच इतकी विरळ आहे. हा हिशेब मॉडेल विकत घेण्याआधी कागदावर पाच मिनिटांत होतो.

प्रत्यक्षात अ‍ॅपवर रोज सुमारे 3,400 फोटो अडवले जात होते. नवीन खातं उघडणाऱ्यांपैकी बरेच जण फोटो टाकायच्या पायरीवरच गळत होते, म्हणून उत्पादनाचं काम पाहणाऱ्यांनी थ्रेशोल्ड 0.8 करा असा आग्रह धरला. सुरक्षा पाहणाऱ्यांचं म्हणणं उलट होतं: तक्रारी येतातच आहेत, 0.5 करा. दोघांपैकी कुणीही अडवलेले फोटो उघडून पाहिले नव्हते.

ढिगात काय होतं

पहिलं काम हातानं केलं. अडवलेल्यांतले 300 फोटो चिठ्ठ्या टाकून काढल्यासारखे निवडले आणि दोन तपासनीसांनी ते एकमेकांचं न बघता तपासले. 41 खरोखर नियमाबाहेरचे निघाले. बाकीचे 259 चांगले, आणि ते विखुरलेले नव्हते. 88 पोहण्याच्या कपड्यांतले होते. 61 उघड्या छातीचे पुरुष, बहुतेक व्यायामशाळेतल्या आरशासमोरचे. 34 मध्ये चेहरा इतका जवळून घेतलेला की अख्खी चौकट त्वचेच्या रंगाने भरलेली. 47 मध्ये नग्नतेचा संबंधच नव्हता: बॉक्सिंगचे हातमोजे, तलवारबाजीचा सामना, भाजी चिरणारा स्वयंपाकी, भुताचा मेकअप, हातात मासा धरलेला मच्छीमार. उरलेले 29 किरकोळ कारणांचे.

चुकून अडवलेले फोटो शोधताना वापरणाऱ्यांच्या अपीलवर अवलंबून राहिलो नाही, कारण अपील करणारे लोक म्हणजे अडवलेल्यांचा नमुना नव्हे. ज्याचं खातं जुनं आहे तो भांडतो, ज्याने आजच अ‍ॅप घेतलं तो निघून जातो. आणि ज्याने खरोखर नग्न फोटो टाकलाय तोही पुष्कळदा हिरिरीने अपील करतो.

दुसरा ढीग पास झालेल्यांचा. त्यातले 2,000 फोटो पाहिले तेव्हा 3 नियमाबाहेरचे सापडले. तीन म्हणजे काहीच नाही असं वाटेल, पण पास होणारे फोटो रोज 96,600 आहेत. त्या प्रमाणात दिवसाला सुमारे 145 सुटतात. पकडलेले 465 आणि सुटलेले 145 मिळून 610. म्हणजे मॉडेल 96 नव्हे, 76 टक्क्यांच्या आसपास पकडत होतं. तीनच फोटोंवरचा अंदाज सैल असतो हे खरं, पण 96 टक्क्यांच्या हिशेबाने सुटायला हवे होते फार तर पंचवीस, आणि तफावत त्याच्या बरीच पलीकडे आहे.

इथे थ्रेशोल्डचा वाद संपला. तो वर नेला तर सुटलेले वाढतात, खाली आणला तर निर्दोष अडकतात, आणि दोन्ही बाजूंची चूक तर आधीच जास्त होती. दोष आकड्याच्या जागेत नव्हता. मॉडेलला विचारलेला प्रश्न चुकत होता, आणि त्याच्यापर्यंत पोहोचणारा फोटोही.

मॉडेलला फोटो कसा दिसत होता

फोटो कसा पोहोचतो हे आधी तपासलं, कारण तेच सर्वांत स्वस्तात दुरुस्त होणारं होतं. तीन फोटोंवरून कारण ठरवता येत नाही, म्हणून वापरणाऱ्यांच्या तक्रारीवरून काढून टाकलेले 60 फोटो जमवले. ते तपासनीसांच्या पडद्यावर दिसतात तसे पाहिले नाहीत. मॉडेलमध्ये शिरताना जे चित्र तयार होतं तेच डिस्कवर साठवून पाहिलं. ज्यांना ही तपासणी चालवायची आहे त्यांनी ही एक गोष्ट जरूर करावी.

22 फोटोंत आक्षेपार्ह भाग त्या चित्रात नव्हताच. मॉडेलला चौकोनी चित्र लागतं, म्हणून आधीची पायरी फोटोचा मधला चौकोन कापून देत होती. उभा मोबाइल फोटो 1080×1920 असतो. मधला चौकोन 1080×1080, म्हणजे वरचे 420 आणि खालचे 420 पिक्सेल गेले, उंचीतला 44 टक्के भाग मॉडेलने पाहिलाच नाही. आरशासमोरच्या उभ्या फोटोत कमरेखालचा भाग नेमका त्या खालच्या पट्टीत असतो. उपाय साधा आहे. फोटो आक्रसून चौकटीत बसवायचा आणि उरलेल्या जागेत करडी पट्टी भरायची, किंवा लांब फोटोचे एकमेकांवर थोडे चढणारे दोन चौकोन करून दोन्ही तपासायचे आणि मोठा स्कोअर धरायचा.

14 फोटो आडवे पडलेले होते. अनेक फोन फोटोचे पिक्सेल आडवेच साठवतात आणि फोटोसोबत जाणाऱ्या EXIF या माहितीतल्या `Orientation` या खुणेत तो किती फिरवून दाखवायचा ते लिहितात. फोटोत लपलेला जागेचा पत्ता उघड होऊ नये म्हणून अ‍ॅप EXIF काढून टाकत होतं, आणि ते योग्यच आहे. पण ते फिरवण्याआधी काढत होतं. वापरणाऱ्याला अ‍ॅप फोटो फोनवरूनच सरळ दाखवी, त्यामुळे कुणाच्या लक्षात आलं नाही. मॉडेलला मात्र माणूस कुशीवर झोपलेला दिसे, आणि सरळ फोटोंवर शिकलेल्या मॉडेलचा स्कोअर अशा वेळी बेभरवशाचा होतो. दुरुस्ती एका ओळीची, फक्त क्रम महत्त्वाचा:

```
img = ImageOps.exif_transpose(Image.open(path))
# यानंतरच EXIF काढा, मग आकार बदला
```

बाकीच्या 24 मध्ये कोलाज होते, फोटोतल्या फोनच्या पडद्यावरचे छोटे फोटो होते, आणि एका इमोजीने अर्धवट झाकलेलं बरंच काही होतं. आक्षेपार्ह भाग चौकटीचा विसावा हिस्सा असेल तर अख्ख्या फोटोला एकच स्कोअर देणारं मॉडेल तो बाकीच्या निरागस पिक्सेलांत हरवतं. इथून गाडी पुढच्या प्रश्नावर आली.

‘वाईट आहे का’ ऐवजी ‘काय दिसतंय’

एका स्कोअरची अडचण अशी की त्यात दोन वेगळे निर्णय मिसळलेले असतात. फोटोत काय दिसतंय हा एक, आणि ते इथे चालतं का हा दुसरा. पहिला मॉडेलचा, दुसरा अ‍ॅपच्या नियमावलीचा. समुद्रावरचा बिकिनीतला फोटो या अ‍ॅपच्या नियमांत बसत होता. पण ‘उत्तेजक’ फोटो कसा दिसतो हे मॉडेलला शिकवणाऱ्यांच्या डोक्यातली रेघ वेगळी होती, आणि ती रेघ बदलायची सोय अ‍ॅपकडे नव्हती. गूगलच्या सेफसर्च या फोटो तपासणाऱ्या साधनात `adult` आणि `racy`, म्हणजे उत्तेजक, असे वेगळे रकाने आहेत ते याचसाठी. मात्र ‘उत्तेजक’ हा रकाना स्वतःच डळमळीत असतो. 2023 मध्ये ‘द गार्डियन’ने केलेल्या तपासात अशी साधनं स्त्रियांचे अगदी साधे फोटोही पुरुषांच्या तशाच फोटोंपेक्षा जास्त ‘उत्तेजक’ ठरवतात असं दिसलं होतं. त्यामुळे तो रकाना निर्णयासाठी वापरायचाच नाही असं इथे ठरवलं.

त्याऐवजी शरीराचे भाग वेगवेगळे शोधणारं मॉडेल घेतलं. न्यूडनेट हे मुक्त उपलब्ध साधन या जातीचं आहे. ते प्रत्येक भागासाठी नाव, स्कोअर आणि चौकटीतली जागा देतं: `FEMALE_GENITALIA_EXPOSED`, `BUTTOCKS_EXPOSED`, `BELLY_EXPOSED` वगैरे. मग नियम साध्या भाषेत लिहिता येतो. उघडं पोट चालतं, म्हणून `BELLY_EXPOSED` कितीही खात्रीने आला तरी दुर्लक्ष. जननेंद्रियं चालत नाहीत, म्हणून त्यांचा स्कोअर महत्त्वाचा, आणि तो भाग चौकटीत लहान असला तरीही. पोहण्याच्या कपड्यांच्या फोटोंचा मोठा ढीग इथेच वितळला, कारण आता त्वचा किती दिसते हा प्रश्नच उरला नाही.

एक गाठ मात्र सुटली नाही. नियम सांगतो की पुरुषाची उघडी छाती चालेल, स्त्रीची नाही. मॉडेल `MALE_BREAST_EXPOSED` आणि `FEMALE_BREAST_EXPOSED` असा फरक करतं, पण फोटोवरून. जाड अंगाच्या पुरुषांना ते हमखास दुसऱ्या खणात टाकत होतं, आणि छातीची शस्त्रक्रिया झालेल्या ट्रान्स पुरुषांच्या बाबतीत कधी इकडे कधी तिकडे. हे फोटो आपोआप अडवायचे म्हणजे काही ठरावीक शरीरांच्या माणसांनाच पुन्हा पुन्हा नाकारायचं. म्हणून छातीचा कोणताही निर्णय यंत्राने एकट्याने घ्यायचा नाही, तो तपासनीसाकडे जाईल, असा नियम केला. यात माणसांचं काम वाढतं, आणि ते वाढू द्यावं असं माझं ठाम मत आहे.

हिंसेचं वेगळं

हिंसेचा प्रश्न नग्नतेसारखा सुटत नाही. नग्नता फोटोत दिसते. हिंसा बऱ्याचदा संदर्भात असते. सुरी दिसली म्हणजे काय? ओट्यावरची सुरी आणि कॅमेऱ्याकडे रोखलेली सुरी यांत वस्तू एकच. लाल डाग रक्ताचा, रंगाचा की मेकअपचा, हे आजूबाजूचं पाहिल्याशिवाय माणसालाही सांगता येत नाही.

आधी प्रश्न तीन भागांत तोडला: शस्त्र आहे का, रक्त किंवा जखम आहे का, कुणाला इजा होताना दिसते का. शस्त्र एकटं असेल तर पास, फक्त ते कॅमेऱ्याकडे किंवा माणसाकडे रोखलेलं दिसत असेल तर फोटो तपासनीसाकडे. रक्त किंवा इजा यांचा स्कोअर थोडा जरी वर असला तरी तपासनीसाकडे. हिंसेसाठी आपोआप अडवणं पूर्ण बंद केलं. कारण हिशेबाचं आहे: या अ‍ॅपवर खरे हिंसक फोटो इतके थोडे येतात की कोणत्याही थ्रेशोल्डला अडवलेल्यांत चुकीचेच जास्त निघतात, आणि संशयित फोटो दिवसाला चारशेच्या आसपास, म्हणजे माणसांना झेपणारे. तलवारबाज, स्वयंपाकी आणि मच्छीमार सगळे मोकळे झाले.

रेघा कुठे ओढायच्या

आता एका थ्रेशोल्डऐवजी दोन: खालच्याच्या खाली पास, वरच्याच्या वर बाद, मधले तपासनीसांकडे. या रेघा अंदाजाने ओढल्या तर पुन्हा तोच वाद सुरू होतो. त्यासाठी आपल्याच अ‍ॅपचे, माणसाने तपासलेले फोटो लागतात. पण सरसकट 1,000 फोटो उचलले तर त्यांत नियमाबाहेरचे पाच-सहाच निघतील आणि वरच्या रेघेबद्दल काहीच कळणार नाही. म्हणून स्कोअरचे पट्टे पाडून प्रत्येक पट्ट्यातून वेगळे फोटो उचलले. नग्नतेच्या स्कोअरचा तक्ता असा आला:

| स्कोअर | रोजचे फोटो | तपासले | नियमाबाहेरचे |
|---|---|---|---|
| 0.00–0.20 | 92,000 | 3,000 | 0 |
| 0.20–0.50 | 6,200 | 400 | 4 |
| 0.50–0.90 | 1,500 | 400 | 40 |
| 0.90–1.00 | 300 | 300 | 276 |

पहिल्या ओळीतला शून्य जपून वाचायला हवा. 3,000 पैकी एकही नाही, याचा अर्थ त्या पट्ट्यात एकही नाही असा होत नाही. संख्याशास्त्रातला एक सोपा नियम आहे: इतक्या फोटोंत एकही सापडला नाही, तर खरं प्रमाण 95 टक्के खात्रीने 3 भागिले तपासलेली संख्या याहून कमी. इथे 3 भागिले 3,000, म्हणजे 0.1 टक्का. 92,000 च्या पट्ट्यात ते दिवसाला 92 फोटोंपर्यंत जाऊ शकतं. याच पट्ट्यातले 200 फोटो पाहून कुणी थांबलं असतं, तर तोच शून्य 1,380 फोटोंपर्यंत काहीही लपवू शकला असता. सर्वांत कंटाळवाण्या, ‘स्वच्छ’ पट्ट्यातच सर्वांत जास्त फोटो पाहावे लागतात ते यासाठी.

रेघा तक्त्यावरूनच ठरल्या. 0.90 च्या वर जननेंद्रियं असतील तर आपोआप बाद. त्यात दिवसाला 24 निर्दोष अडकतात, म्हणून अडवल्याचं कारण नेमक्या शब्दांत कळवायचं आणि एका बटणावर माणसाकडून फेरतपासणी. 0.50 ते 0.90 सगळे माणसाकडे: दिवसाला 1,500, त्यांत हिंसेचे चारशे मिळवून 1,900. तपासनीस सुट्टी-विश्रांती धरून तासाला दोनशे फोटो नीट पाहतो असं धरलं, तर साडेनऊ तासांचं काम. फोटो तपासणीत असेपर्यंत तो टाकणाऱ्यालाच दिसतो, इतरांना नाही, आणि दरम्यान त्याला अ‍ॅप वापरता येतं. गळती थांबवायला याच गोष्टीचा सर्वांत जास्त उपयोग झाला.

0.20 ते 0.50 चा पट्टा अवघड. त्यात दिवसाला अंदाजे 62 वाईट फोटो आहेत, पण ते काढायला 6,200 पाहावे लागतील. ते पास करायचं ठरलं, मात्र एका अटीवर: अशा फोटोवर कुणाही एकाची तक्रार आली की तो लगेच पडद्याआड जातो आणि तपासनीसांच्या रांगेत सर्वांत पुढे लागतो. त्याखालच्या पट्ट्यात एका तक्रारीने फोटो लपत नाही, नाहीतर नकार मिळालेला माणूस रागाने कुणाचाही फोटो गायब करू शकला असता.

एका प्रकारचे फोटो या सगळ्या रचनेबाहेर ठेवले. त्यात बालक असल्याची शंका असेल तर तो फोटो नेहमीच्या रांगेत कधीच येत नाही, नमुन्यांत किंवा मॉडेल शिकवायला वापरला जात नाही, आणि कायद्याने ठरवलेल्या मार्गानेच पुढे जातो. माहीत असलेल्या अशा चित्रांशी जुळणी करायला 2009 मध्ये मायक्रोसॉफ्टने तयार केलेल्या फोटोडीएनएसारखी ठसे जुळवणारी साधनं असतात. ती या मॉडेलच्या आधी चालतात.

हिशेब

आधी दिवसाला साधारण 2,935 निर्दोष फोटो थेट बाद होत होते. आता 24. त्याशिवाय मधल्या पट्ट्यातले 1,350 निर्दोष फोटो आणि हिंसेच्या रांगेतले बहुतेक काही काळ थांबतात, ही किंमत आहे आणि ती लपवू नये. सुटणाऱ्यांचा हिशेब इतका सुखद नाही. आधी 145, आता 62 अधिक खालच्या पट्ट्यातले शून्य ते 92 च्या मधले काहीतरी. चांगल्यात चांगलं म्हणजे निम्म्याहून कमी, आणि वाईटात वाईट म्हणजे जवळपास आधीइतकेच. हे नक्की करायला खालच्या पट्ट्यात आणखी फोटो पाहणं एवढाच मार्ग आहे, म्हणून दर आठवड्याला त्या पट्ट्यातून 1,000 फोटोंची तपासणी कायमची सुरू ठेवली.

दोन गोष्टींमुळे हा तक्ता शिळा होतो. एक म्हणजे ऋतू. उन्हाळ्यात पोहण्याचे फोटो वाढतात आणि मधला पट्टा फुगतो, मॉडेल तेच असूनही तपासनीसांची रांग लांबते. दुसरी म्हणजे मॉडेलची नवी आवृत्ती. नव्या आवृत्तीतला 0.90 हा जुन्या आवृत्तीतला 0.90 नसतो. म्हणून नवी आवृत्ती आली की ती आधी दोन आठवडे जुन्याच्या शेजारी मूकपणे चालवायची, निर्णय जुन्याने घ्यायचे, आणि जिथे दोघांचं पटत नाही ते फोटो माणसाने पाहायचे. नव्या रेघा त्या फोटोंवरून आणि नव्याने भरलेल्या तक्त्यावरून ओढायच्या.